आधी रिलीव्हर, मग रजा

कंपनीच्या कल्याण समितीपुढे पाळीचा विषय आला की मसुदा कुणीही लिहो, पहिलं कलम ठरलेलं असतं: महिन्याला एक पगारी रजा. दुसरं कलम पॅडच्या मशीनचं. तिसऱ्यात 'जनजागृती सत्र' येतं आणि रजोनिवृत्ती त्या सत्राच्या विषयांच्या यादीत शेवटी बसते. ऑफिसात खुर्चीवर बसून काम करणाऱ्या बाईसाठी हा क्रम कदाचित चालेल. चाकण-रांजणगाव पट्ट्यात मोटारींचे वायरिंग हार्नेस बनवणारे जे कारखाने आहेत, जिथे लाइनवर बहुतांश बायकाच उभ्या असतात, तिथे तो उलटा आहे. तिथल्या बाईला रजेआधी दहा मिनिटं हवी असतात, आणि ती दहा मिनिटं कुठल्याच धोरणात नसतात.

रजेची मागणी नवी नाही. बिहारमध्ये सरकारी कर्मचारी स्त्रियांना 1992 पासून महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा आहे. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने 2025 मध्ये महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा पगारी रजांचं धोरण मंजूर केलं आणि त्यात खाजगी कारखानेही घेतले. त्याआधी 2024 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा धोरणाचा प्रश्न असल्याचं सांगून केंद्राला आदर्श धोरणाचा विचार करायला सांगितलं. सक्तीची रजा लादली तर मालक बायकांना कामावर घ्यायलाच कचरतील, ही शंकाही तिथेच बोलून दाखवली गेली. सगळी चर्चा रजा द्यावी की देऊ नये याभोवती फिरत राहिली. कामावर आलेल्या बाईचं त्या दिवशी काय होतं, हे कुणी विचारलं नाही. पाळीचे बहुतेक दिवस बाई कामावरच असते.

हार्नेसची लाइन ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: माणसाच्या उंचीचे फळ्यांसारखे बोर्ड साखळीवर हळूहळू पुढे सरकत असतात. प्रत्येक बोर्डावर तारांचा मार्ग खुंट्यांनी आखलेला असतो. एक बाई तार टाकते, दुसरी कनेक्टर बसवते, तिसरी टेप गुंडाळते. बोर्ड थांबत नाही, म्हणून बाईही थांबत नाही. तिला बाथरूमला जायचं तर तिच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं. त्या माणसाला रिलीव्हर म्हणतात. कागदावर तो असतो. सकाळी कुणी कामावर आलं नाही की पहिल्या अर्ध्या तासात त्याला त्या रिकाम्या जागी कायमचं उभं करतात आणि दिवसभर लाइनला रिलीव्हर उरत नाही. मग सुपरवायझर टोकन काढतो: एका वेळी एकच बाई जाईल, टोकन खुंटीवर परत आलं की दुसरी. ज्या कारखान्यात टोकन दिसेल तिथे रिलीव्हर नाही, हे डोळे झाकून धरावं.

याचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेत; प्रत्येक समितीने आपल्या लाइनचे घालावेत. अठरा जागांची एक लाइन, मिनिटाला एक बोर्ड पुढे. हातमोजे काढायचे, चालत जायचं, रांगेत थांबायचं, पॅड बदलायचं, हात धुवून परत यायचं, याला दहा मिनिटं धरा. पाळी अठ्ठावीस दिवसांतून पाच दिवस धरली तर अठरांपैकी सरासरी तिघी कुठल्याही दिवशी पाळीत असतात. त्यांना जेवण-चहाच्या सुट्टीखेरीज दोनदा जास्त जावं लागेल असं मानलं तर ती झाली साठ मिनिटं. बाकी लाइनसह प्रत्येकीला एकदा मधेच जाण्याची मोकळीक दिली तर आणखी एकशे ऐंशी. एकूण दोनशे चाळीस. आठ तासांच्या शिफ्टमधून अर्ध्या तासाचं जेवण आणि दहा-दहा मिनिटांचे दोन चहा वजा केले तर चारशे तीस मिनिटं काम होतं. म्हणजे अठरा जागांमागे एक रिलीव्हर दिला तर सगळ्यांची सोय होऊन त्याच्याकडे तीन तासांहून जास्त वेळ उरतो. त्यात रीवर्क होईल, नव्या मुलींना शिकवणं होईल, आणि एखादी दुपारी खरंच घरी गेली तर तिची जागाही भरेल.

खर्च अठरांमागे एका माणसाचा. व्यवस्थापन म्हणेल की हा साडेपाच टक्के बोजा झाला. झाला, नाकारण्यात अर्थ नाही. पण गैरहजेरीसाठी काही हात जादा ठेवलेलेच असतात. समितीने मागायचं ते एवढंच, की त्यातला एक हात 'कुठल्याही जागी कायम उभा करता येणार नाही' असा लिहून वेगळा काढावा, आणि तो दिवसभर कुठे होता याची नोंद लाइनच्या फलकावर तासागणिक व्हावी. नोंद नसेल तर हे कलम आठवडाभरात मरतं. ते जगतंय की नाही हे ओळखायला मोठी तपासणी लागत नाही. दुपारी तीन वाजता लाइनवरच्या पाण्याच्या बाटल्या बघाव्यात. सकाळी भरलेल्या बाटल्या भरलेल्याच असतील तर बायका पाणी पीत नाहीयेत, कारण प्यायलं की जावं लागतं.

शौचालयाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण इथे कायदा स्पष्ट आहे. कारखाने कायद्याखालच्या नियमांत दर पंचवीस स्त्रियांमागे एक शौचालय हे किमान प्रमाण जुनंच आहे. ते प्रमाण पुरेसं आहे का, हा खरा प्रश्न. पाळीच्या दिवशी एका बाईला आत लागणारा वेळ त्या हिशेबात कधी धरलाच गेला नाही. समितीने संख्या मागण्याआधी अंतर मोजावं, नळाला दुसऱ्या शिफ्टमध्ये पाणी असतं का ते बघावं आणि झाकणाची बादली प्रत्येक खोलीच्या आत आहे का ते बघावं. दाराबाहेर एकच सामायिक बादली असेल तर वापरलेलं पॅड हातात धरून चारचौघींतून जावं लागतं, आणि मग ते भांड्यातच टाकलं जातं. पाइप तुंबला की प्लंबरचं बिल येतं आणि बिलावर 'बायकांची बेशिस्त' असा शेरा.

आता पैशाकडे. लाइनवरच्या पगारात हजेरी बोनस नावाची एक रक्कम असते: महिनाभर एकही खाडा नसेल तर पूर्ण, एक खाडा पडला की शून्य, किंवा जवळजवळ शून्य. समजा ही रक्कम पंधराशे आहे. कंपनीने मोठ्या मनाने महिन्याला एक पगारी रजा दिली, पण हजेरी बोनसाच्या हिशेबात तो दिवस गैरहजेरीत धरला, तर रजा घेणारीला दिवसाचा पगार मिळतो आणि पंधराशे जातात. ती रजा घेणार नाही. वर्षाअखेरीस एचआर सांगेल की बघा, रजा दिली होती, कुणी घेतली नाही, म्हणजे गरजच नव्हती. जपानचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. तिथे 1947 च्या कामगार कायद्यापासून पाळीची रजा हक्काने आहे, पण त्या दिवसाचा पगार देण्याची सक्ती नाही. 2020 च्या सरकारी पाहणीत ती घेणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत होतं. पैशाबरोबर तिथे संकोचही आहे, साहेबाला काय सांगायचं हा. पण पैशाचा भाग तरी समितीला एका ओळीत सोडवता येतो: 'ही रजा हजेरी बोनस, वार्षिक वाढ आणि कायम करण्याच्या यादीसाठी हजेरी धरली जाईल.' ही ओळ मसुद्यात नसेल तर रजेचं कलम काढून टाकलं तरी चालेल.

'आजारपणासाठी ईएसआय आहेच की,' असं बैठकीत कुणीतरी म्हणतं. ईएसआयचा आजारपणाचा भत्ता पहिल्या दोन दिवसांना मिळत नाही. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलं तरच ती अट सुटते. पाळी एक-दोन दिवसच आडवं करते आणि साधारण चार आठवड्यांनी येते. म्हणजे दर महिन्याला नेमाने दुखणाऱ्या बाईला ईएसआयमधून दर महिन्याला नेमाने काहीच मिळत नाही. नियम बनवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांच्यापुढे न्यूमोनिया आणि मोडलेला हात होता.

खाडा बाईकडून काय करवून घेतो, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये पुढे आला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं अनेक होती: खाजगी डॉक्टरांचा धंदा, कॅन्सरची भीती, अंगावर काढलेलं दुखणं. पण कामाचा दिवस बुडाला की मुकादम जोडप्याकडून जो दंड कापतो, तोही त्या कारणांत होता. कोयत्याचं काम आणि एसी शॉप फ्लोअर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मान्य. दिवस बुडवण्याची शिक्षा कामाच्या किमतीपेक्षा मोठी ठेवली की बाई शरीराशी तडजोड करते, हा हिशेब मात्र दोन्हीकडे एकच आहे.

आता रजेवर यायला हरकत नाही. रजा द्यावी, आणि दाखल्याशिवाय द्यावी. स्पेनने 2023 मध्ये डॉक्टरच्या दाखल्यावर, सामाजिक सुरक्षेच्या पैशातून रजा दिली, तिथे ते चालू शकतं. इथे एका दिवसाच्या दाखल्यासाठी बाईला दवाखान्यात अर्धा दिवस घालवावा लागेल, तोही ज्या दिवशी उभं राहवत नाही त्या दिवशी. आणि पुरावा मागायची सवय कुठवर जाते हे 2025 मध्ये हरयाणातल्या एका विद्यापीठात दिसलं. सफाई कामगार स्त्रियांकडे पाळीचा पुरावा म्हणून पॅडचे फोटो मागितल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. गैरवापर होईल का? थोडा होईल. किरकोळ रजेचा होतो तेवढा. त्यासाठी वर्षाची मर्यादा आहे; प्रत्येक रजेला पहारा लागत नाही.

नाव मात्र जपून द्यावं. मस्टरवर 'पाळी रजा' असा वेगळा कोड दिसला तर तो लाइनच्या सुपरवायझरला, टाइम ऑफिसला आणि ठेकेदाराच्या माणसाला दिसतो. सुपरवायझरला फक्त 'मंजूर' दिसावं, रजेचं कारण एचआरच्या एकाच व्यक्तीकडे असावं. काही कार्यकर्त्या म्हणतात की नाव लपवणं म्हणजे लाज मान्य करणं. मला हे पटत नाही. लाज घालवायचं काम कंपनीने जरूर करावं, पण ते एकोणीस वर्षांच्या शिकाऊ मुलीच्या मस्टरवर करू नये.

पहिल्या दिवशीच्या दुखण्याबद्दल एक गोष्ट. गर्भाशयाच्या अस्तरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लॅन्डिनमुळे गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. मेफेनॅमिक अॅसिडसारखी गोळी ते द्रव्य तयार होणंच कमी करते, म्हणून कळा टिपेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतलेली जास्त लागू पडते. याचा अर्थ वैद्यकीय खोलीत जायला दोन तास थांबावं लागत असेल तर गोळीचा उपयोग निम्मा गेला. पण गोळ्या वाटायचं काम सुपरवायझरकडे देऊ नये. तमिळनाडूतल्या कापड कारखान्यांत पाळीच्या दुखण्यावर नाव नसलेल्या गोळ्या दिल्या जात असल्याचं 2019 मध्ये उघड झालं. लाइन चालू राहावी म्हणून दिलेली ती गोळी होती; काय घेतोय हे बाईला ठाऊक नव्हतं. गोळी नर्सकडूनच, पाकिटासकट, नोंद करून, आणि अॅसिडिटी-दमा विचारून.

रजोनिवृत्तीबद्दल बहुतेक मसुदे गप्प असतात, किंवा वयाची रेघ ओढून मोकळे होतात. बिहारची सवलत पंचेचाळीसाव्या वर्षी थांबते. भारतात रजोनिवृत्तीचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे आणि त्याआधीची काही वर्षं पाळी सगळ्यात बेभरवशाची असते. म्हणजे त्रास वाढायला लागतो तिथेच सवलत संपते. वैद्यकीय भाषेत सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं मागे वळून ठरतं. त्याआधी काय चाललंय हे त्या बाईलाही नक्की माहीत नसतं, मग ती अर्जात लिहिणार काय?

लाइनवरची अशी एक बाई घ्या. सत्तेचाळीस वर्षांची, वीस वर्षं टेपिंगवर, हात इतका बसलेला की नव्या मुली तिच्याकडे बघून शिकतात. दोन महिने पाळी नाही, मग एकदम दहा दिवस, तासा-दीड तासाला पॅड भिजतं. कंपनीची पँट फिकट रंगाची, म्हणून कमरेला ओढणी बांधलेली. ओढणी मशीनजवळ नको म्हणून सुरक्षा अधिकाऱ्याची ताकीद. रात्री घामाने झोप मोडते. तिची जागा हीट-श्रिंकच्या यंत्राशेजारी, जिथे गरम हवेने नळ्या आकसतात. तिथे उभं असताना छातीतून चेहऱ्याकडे उष्णतेची लाट येते, दोन-चार मिनिटं राहते, घाम फुटतो, मग थंडी वाजते. त्या दोन-चार मिनिटांत टेपचा थर चुकतो, तपासणीला तुकडा परत येतो. सुपरवायझर म्हणतो, "मावशी, आता वय झालं, पॅकिंगला जा." पॅकिंगला स्किल भत्ता नाही. वीस वर्षांची कारागीर अशी पगारातून आणि लाइनवरून एकाच वाक्यात खाली येते, आणि कंपनीच्या नोंदीत कारण पडतं 'गुणवत्ता'.

या बाईला रजा नको आहे; रजेने तिचा प्रश्न सुटतही नाही. लाटांचा त्रास बऱ्याच स्त्रियांना वर्षानुवर्षं राहतो. बारा रजा त्याला कुठे पुरणार? तिला हवं आहे ते असं: यंत्रापासून दूरची पण त्याच भत्त्याची जागा, दिशा फिरवता येणारा पंखा, गडद रंगाची सुती पँट, रात्रपाळीतून काही महिने सुटका, आणि तो रिलीव्हर. यातलं काहीही मागताना तिने 'रजोनिवृत्ती' असं म्हणायची गरज नसावी. 'उष्णता सहन होत नाही', 'वारंवार जावं लागतं', 'झोप होत नाही' एवढ्या लक्षणावर जागा बदलून मिळावी, आणि बदललेल्या जागेवर सहा महिने भत्ता तोच राहावा. भत्त्याची ही हमी या सगळ्या कलमांत सगळ्यात महाग पडेल असं व्यवस्थापनाला वाटतं. मला तसं वाटत नाही. अशा बायका एका लाइनवर फार नसतात, आणि ज्या असतात त्यांच्याच हाताखाली बाकीच्या शिकतात.

इंग्लंडमध्ये ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने 2023 मध्ये पाळी आणि रजोनिवृत्तीसाठी कामाच्या जागेचं स्वतंत्र मानक काढलं, बीएस 30416. त्याचीही दिशा हीच आहे: लक्षण बघा, कामाची जागा बदला. आपल्याकडे त्यात एक भर घालावी लागेल. तासाला पॅड भिजणाऱ्या बाईची गाठ आधी रक्तक्षयाशी असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं निघालं. म्हणून तिला पगारी वेळेत हिमोग्लोबिनची तपासणी आणि स्त्रीरोगतज्ज्ञाची भेट मिळावी. आणि बारा महिने पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ती भेट त्याच आठवड्यात मिळावी, कारण तिथे कॅन्सर नाही ना हे बघावंच लागतं. पण 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा खर्च योजनेत हवा. बीडची आकडेवारी आपल्याच राज्याची आहे. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर चाळिशीतली बाई एका रात्रीत रजोनिवृत्तीत जाते, आणि लाटा, झोप, हाडं हे सगळं तिला एकदमच भोगावं लागतं.

मग हे सगळं लागू कुणाला? लाइनवर कायम कामगार थोड्या, बाकी ठेकेदाराच्या किंवा शिकाऊ. 'कंपनीच्या कर्मचाऱ्यांना' असा शब्द मसुद्यात आला की त्या सगळ्या बाहेर पडतात, आणि मसुदा लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. रिलीव्हर आणि शौचालय लाइनचं असतं, त्यामुळे त्यात फरक करता येत नाही; क्रमात त्यांना आधी ठेवण्याचं हेही एक कारण आहे. अडतं ते रजा आणि हजेरी बोनसापाशी. ठेकेदाराला कंपनी हजर माणसामागे पैसे देते. त्याच्या बाईने पगारी रजा घेतली तर कंपनी त्या दिवसाचं बिल देणार नाही, आणि ठेकेदार पदरचे घालणार नाही. तो पुढच्या खेपेला मुलं आणेल. सर्वोच्च न्यायालयात व्यक्त झालेली शंका खरी ठरते ती इथे. म्हणून ठेक्याच्या करारातच लिहायला हवं की या रजेच्या दिवसाचं बिल कंपनी हजेरीप्रमाणे देईल. हे करार दर वर्षी नवे होतात आणि खरेदी विभाग ते करतो. कल्याण समितीच्या बैठकीला एचआर येतं, कारखाना व्यवस्थापक येतात. खरेदी विभागाचं कुणी येत नाही. पुढच्या बैठकीचं निमंत्रण त्यांना आधी जायला हवं, करार सहीला जाण्याच्या किमान महिनाभर आधी.